कुंडीतल्या झाडाच्या फोटोतून एकच फूल किंवा एकच पान कसं काढायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं चोपड्याला छोटंसं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. शाळेत प्रोजेक्ट दिले की आठवडाभर दुकानात पोरं आणि त्यांचे आईवडील मोबाईल घेऊन उभे असतात, फोटोत कुंडी, माती, मागे मोटरसायकल, बादली आणि कुठेतरी मधोमध एक जास्वंद. "भाऊ, कुंडी काढी दे ना, खाली फूल ठेव." तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे जास्वंदीचंच घेतलंय, कारण दहातले सहा फोटो तेच असतात.

फूल कुठून कापायचं? पाकळ्या संपल्या की झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त शीट इथेच चुकतात. आपल्याला लाल दिसतं ते फूल वाटतं, म्हणून लाल संपलं की आपण कात्री मारतो. पण शीटवर बाईंना निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी चारही नावं बाणांनी दाखवून पाहिजे असतात, आणि निदलपुंज तर हिरवा आहे, पाकळ्यांच्या मागे आहे. तो कापला गेला की पोरगं बाण कुठे मारणार?

जास्वंदीचं फूल वरून खाली असं बघा. मधून बाहेर आलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला पाच छोटे गोल ठिपके, ते जायांगाचे कुक्षी. त्यांच्या खाली दांड्याभोवती पिवळ्या दाण्यांचे पुंकेसर, सगळे एका नळीला चिकटलेले, तो पुमंग. मग पाच पाकळ्या, तो दलपुंज. त्यांच्या मागे पाच टोकांचा हिरवा पेला, तो निदलपुंज. आणि त्या पेल्याच्याही खाली अजून एक बारीक हिरव्या पट्ट्यांचं कडं असतं, पाच ते आठ पट्ट्या, त्याला उपनिदलपुंज म्हणतात. त्याच्या खाली देठ. कट मारायचा तो देठावर, कड्याच्या खाली निदान दोन-तीन सेंटीमीटर देठ सोडून.

आपल्याकडच्या पोरांना हे कडं समजवायला मी कपाशीचं उदाहरण देतो, कारण जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी सगळी एकाच कुळातली. कपाशीचं पातं शेतात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कळीला तीन बाजूंनी झाकणारी ती रुंद, कातरलेल्या कडेची हिरवी पानं, तेच तिचं उपनिदलपुंज. तीनच असतात आणि मोठी असतात म्हणून लगेच दिसतात. जास्वंदीत ती बारीक झालीत म्हणून फोटोतून कापताना कुणाचं लक्षच जात नाही.

मग फोटो समोरून काढायचा की बाजूने?

थोडा बाजूने, साधारण अर्ध्या कोनातून. अगदी समोरून काढला तर मधला दांडा तुमच्याकडे तोंड करून येतो आणि फोटोत आखूड दिसतो, हिरवं काहीच दिसत नाही. पूर्ण बाजूने काढला तर पाच पाकळ्या मोजता येत नाहीत. शक्य असेल तर दोन फोटो काढा, एक समोरून पाकळ्या मोजायला आणि एक बाजूने भाग दाखवायला, दोन्ही शीटवर लावा. कोणी रागावत नाही.

एकेरी जास्वंदच घ्या. डबल जास्वंद म्हणजे गुलाबासारखी भरलेली दिसते ती, तिच्यात पुंकेसरांचीच पाकळी झालेली असते, त्यामुळे पाच पाकळ्या मोजायला गेलं की पोरगं रडकुंडीला येतं.

आणि जास्वंदीचं फूल बहुतेक एकच दिवस फुललेलं राहतं, सकाळी उमललं की संध्याकाळी मिटायला लागतं. तेव्हा "उद्या काढू" म्हणू नका.

घरी फोटो काढतानाच काय केलं तर नंतरचं काम कमी होईल?

हे सगळं नीट वाचा, कारण दुकानात माझा एक तास वाचतो तो इथे.

पहिलं म्हणजे पान-फूल ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. आपल्याकडची धूळ, त्यात कुंडीत पाणी घातल्यावर उडालेले काळ्या मातीचे शिंतोडे, पानावर असे बसतात की फोटोत ते रोगाचे डाग वाटतात. पुसल्यावर पाच मिनिटं सुकू द्या, पाण्याचा थेंब चमकला की तिथे पांढरा डाग पडतो.

दुसरं, फूल कुंडीवरून तोडायची गरज नाही. फुलाच्या मागे एक पुठ्ठा किंवा कार्डशीट धरा. एक जण धरेल, एक जण फोटो काढेल. लाल फुलाला पांढरा किंवा फिकट निळा पुठ्ठा, पांढऱ्या मोगऱ्याला किंवा पांढऱ्या सदाफुलीला काळा किंवा गडद निळा. हिरव्या पानाला हिरवा पुठ्ठा घेऊन येणारे पण भेटलेत मला, "मॅचिंग" म्हणे. उलट पाहिजे! फोटोतला रंग जेवढा वेगळा, तेवढं कापणं सोपं. पुठ्ठा फुलाला चिकटवून धरू नका, हातभर मागे धरा म्हणजे फुलाची सावली त्यावर पडत नाही.

तिसरं, ऊन. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी काढलेल्या फोटोत लाल जास्वंद म्हणजे नुसता लाल डबका असतो. पाकळीवरच्या शिरा, घड्या काहीच दिसत नाहीत, कारण कॅमेऱ्यातला लाल रंग पूर्ण भरून गेलेला असतो आणि भरून गेलेलं नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. सकाळी सावलीत काढा, स्क्रीनवर फुलावर बोट ठेवा आणि जो सूर्याचा छोटा आयकॉन येतो तो थोडा खाली ओढा. फोटो जरा अंधारा आला तरी चालेल, तो उजळ करता येतो.

एका टॅपवर बॅकग्राउंड काढायचं ॲप आहे ना, त्याने का नाही होत?

होतं की, पण त्याला काय ठेवायचं ते माहीत नाही. ते फोटोतली पुढची "वस्तू" शोधतं, आणि कुंडीतल्या झाडाच्या फोटोत पुढची वस्तू म्हणजे कुंडीसकट अख्खं झाड. भिंत जाते, बादली जाते, कुंडी तशीच राहते. फूल खूप जवळून काढलेलं असेल आणि मागे पुठ्ठा असेल तर बऱ्यापैकी जमतं, पण तिथेही दोन गोष्टी बघा: पुंकेसरांच्या दाण्यांमधली जागा बुजवून टाकलेली असते किंवा दांड्याचं टोकच उडवलेलं असतं, आणि पानाची कड गुळगुळीत केलेली असते.

या कडेचं सांगतो, कारण ती मार्काची गोष्ट आहे. जास्वंदीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, पण दाते मुख्यतः वरच्या भागात, देठाजवळ कड बरीचशी सपाट. शीटवर पोरगं लिहितं "कड दंतुर" आणि वर चिकटवलेलं पान वडाच्या पानासारखं गुळगुळीत. असं एक शीट माझ्याच दुकानातून गेलं होतं, मी घाईत ॲपने काढून दिलं, पोरीला बाईंनी विचारलं हे पान नक्की कुठल्या झाडाचं. ती परत येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, काय बोलणार.

फोनवरच करायचं असेल तर असं ॲप घ्या ज्यात पुसायचा आणि परत आणायचा असे दोन वेगळे ब्रश असतात. आधी ऑटोने काढू द्या, मग झूम करून कुंडी हाताने पुसा आणि गेलेले दाते, गेलेला देठ परत आणा.

कॉम्प्युटरवर कसं करता? पायरी पायरीने सांगा.

मी GIMP वापरतो, फुकट आहे, कोणीही टाकू शकतं. एका पानाचं पूर्ण सांगतो, फूल पण तसंच.

फोटो उघडला की आधी `Layer → Transparency → Add Alpha Channel`. हे नाही केलं तर कापलेल्या जागी पारदर्शक होण्याऐवजी पांढरा रंग भरतो आणि लोक म्हणतात "निघालं की", मग रंगीत कार्डशीटवर लावताना पांढरी चौकट दिसते.

मग `Paths` हे टूल, कीबोर्डवर B. फोटो 200 टक्के झूम करून पानाच्या देठापासून सुरू करा आणि कडेकडेने एकेक क्लिक मारत चला. सपाट कडेवर क्लिक लांब लांब आणि ओढून वळण द्यायचं, दातेरी भागात प्रत्येक दात्याच्या टोकावर एक आणि दोन दात्यांच्या खाचेत एक, ओढायचं नाही, सरळ क्लिक. एका पानाला पन्नास-साठ क्लिक होतात, दहा मिनिटांचं काम आहे. परत पहिल्या ठिपक्यावर आलात की Ctrl दाबून त्यावर क्लिक, रेषा बंद होते. Enter दाबलं की पानाभोवती मुंग्या चालल्यासारखी तुटक रेषा फिरायला लागते, म्हणजे सिलेक्शन झालं.

आता लगेच Delete मारू नका. `Select → Shrink` मध्ये 1 पिक्सेल, मग `Select → Feather` मध्ये 1 पिक्सेल. पहिल्याने कडेला चिकटलेली मातीची बारीक रेघ आत येत नाही, दुसऱ्याने कड कात्रीने कापल्यासारखी टोकदार दिसत नाही. फेदर जास्त दिलंत तर दाते वितळतात, मग परत तीच गुळगुळीत पानाची गोष्ट.

त्यानंतर `Layer → Mask → Add Layer Mask` आणि त्यात `Selection` निवडा. बाकी सगळं गायब होतं, पण पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं. मग `Select → None` करा, नाहीतर ब्रश फक्त सिलेक्शनच्या आतच चालतो. काळ्या रंगाच्या ब्रशने मास्कवर फिरवलं की झाकलं जातं, पांढऱ्याने परत दिसतं, X दाबलं की काळा-पांढरा अदलाबदल. हा मास्कच मोठा आधार आहे, कारण देठ चुकून कापला गेला तरी पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो. Delete मारून सेव्ह केलेल्या फोटोला काही करता येत नाही.

शेवटी `Image → Crop to Content`, म्हणजे आजूबाजूची रिकामी जागा कापली जाते. काम चालू असताना मधून मधून .xcf मध्ये सेव्ह करत चला, आपल्याकडे लाईटीचा भरवसा नाही हे काय वेगळं सांगायला पाहिजे.

जादूची कांडी म्हणजे ते एका क्लिकवर रंग निवडणारं टूल आहे ना, ते का नको?

कारण ते फक्त रंग बघतं. `Fuzzy Select` मध्ये तुम्ही एका ठिकाणी क्लिक केलं की त्याला लागून असलेले साधारण त्याच रंगाचे सगळे ठिपके निवडतं. लाल जास्वंदीमागे मातीची लाल कुंडी असेल तर त्याला पाकळी आणि कुंडी यात फरक कळत नाही, आणि जिथे दोन्ही एकमेकांना टेकतात तिथून सिलेक्शन गळक्या माठासारखं बाहेर वाहतं. Threshold कमी केलं तर पाकळीवरच्या सावलीत भोकं पडतात. निळा पुठ्ठा मागे असेल तर मात्र उलटं करा: पुठ्ठ्यावर क्लिक करून पुठ्ठा निवडा आणि `Select → Invert`. तिथे हे टूल सोन्यासारखं चालतं.

पान काळ्या मातीवर वाकलेलं आहे, कड दिसतच नाही. काय करायचं?

पुन्हा फोटो काढता येत असेल तर काढा, पुठ्ठा पानाखाली सरकवा, विषय संपला. पण एकदा एक आजोबा यावलकडून आले होते, नातीचं रोप उन्हाळ्यात वाळून गेलेलं, फोटो तेवढाच उरलेला. मग असं केलं: लेयरची कॉपी काढली, वरच्या कॉपीवर `Colors → Curves` उघडून रेषेचा डावीकडचा अंधाराचा भाग इतका वर ओढला की फोटो घाण, राखाडी दिसायला लागला. पण त्या राखाडीत पानाची सावलीतली कड मातीपासून वेगळी झाली, कारण माती तपकिरीकडे गेली आणि पान थोडं हिरवं राहिलं. त्या कडेवरून `Paths` ने रेषा काढली, ती कॉपी डिलीट केली, आणि तीच रेषा मूळ फोटोवर वापरली. रेषा लेयरला बांधलेली नसते, अख्ख्या फोटोला असते, म्हणून हे जमतं.

तरीही पानाचा जो भाग मातीत बुडालेला किंवा कुंडीच्या काठामागे लपलेला आहे तो दिसतच नसतो. तो काढू नका.

काढू नका म्हणजे? क्लोन टूलने दुसऱ्या बाजूचा तुकडा लावता येतो की.

येतो. पण हे लग्नाचं बॅनर नाही. झाकलेली पाकळी दुसऱ्या पाकळीची कॉपी मारून बसवली तर ती त्या फुलाची राहिली नाही, आणि पाकळ्या किती, दाते किती, पान दोन्ही बाजूंनी सारखं आहे का, हेच तर शीटवर लिहायचं असतं. मी धुळीचा एखादा ठिपका `Heal` ने काढतो, त्यापलीकडे नाही. किडीने खाल्लेलं भोक, पिवळा डाग, देठाजवळ पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण, हे तसंच ठेवा आणि बाजूला लिहा. एका मुलाच्या शीटवर पिठ्या ढेकूण होता, त्याने बाण मारून नाव लिहिलं, बाईंनी वर्गात फिरवलं ते शीट.

पुंकेसर फार बारीक आहेत, तिथे कसं कापायचं?

तिथे `Paths` सोडून द्या. दांड्याच्या त्या भागाला थोडी मोकळी जागा ठेवून सिलेक्शन करा, मास्क लावा, मग मास्कवर 3 पिक्सेलचा कडक ब्रश घेऊन दाण्यांच्या मधली जागा काळ्याने पुसत जा. चार दाणे कमी-जास्त झाले तर आभाळ कोसळत नाही, पण दाणे दांड्याला बारीक काडीने जोडलेले दिसले पाहिजेत, हवेत तरंगताना नकोत. टोकाचे पाच ठिपके मात्र पाचच राहू द्या, ते मोजले जातात.

पान एकच कापलं, तरी बाई म्हणाल्या हे पान नाही. असं कसं?

बहुतेक तुम्ही कडुनिंबाची, शेवग्याची किंवा गुलाबाची पर्णिका कापली असेल. ज्याला आपण कडुनिंबाचं पान म्हणून तोंडात टाकतो तो पानाचा एक तुकडा आहे, खरं पान म्हणजे ती अख्खी काडी, दोन्ही बाजूंच्या सगळ्या पर्णिकांसकट. ओळखायचं कसं: देठ जिथे फांदीला लागतो तिथे बेचक्यात बघा, छोटा कोंब, म्हणजे कळी असते. कळी आहे तिथे पान सुरू होतं. पर्णिका काडीला जिथे लागते तिथे कळी नसते.

म्हणजे कट नेहमी त्या बेचक्यापाशी, फांदीला लागून. गुलाबाच्या पानाला तर तिथेच देठाच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या हिरव्या पट्ट्या असतात, ती उपपर्णं, आणि पान सुंदर दिसावं म्हणून वरून कापलं की ती हमखास जातात. जास्वंदीलाही देठाच्या बुडाशी बारीक उपपर्णं असतात पण ती लवकर गळतात, नसली फोटोत तर घाबरू नका.

झेंडू, बोगनवेल, सदाफुली यांचं पण असंच का?

प्रत्येकाची खोड वेगळी, थोडक्यात सांगतो. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ, तेव्हा "एक फूल" पाहिजे असेल तर अख्खा झेंडू हिरव्या पेल्यासकट काढा आणि लिहा पुष्पविन्यास. त्यातली एक "पाकळी" कापून लावली तर तेच एक छोटं फूल असतं, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं आणि माहीत झालं की त्यांना फार आवडतं. बोगनवेलीत गुलाबी ते फूल नाहीच, ती रंगीत पानं आहेत, फूल म्हणजे आतली बारीक फिकट नळी, म्हणून गुलाबी ठेवून आतली नळी पुसून टाकणारं ॲप नेमकं फूलच काढून टाकतं. सदाफुलीच्या पाच पाकळ्यांमागे खाली बारीक लांब नळी असते, समोरून काढलेल्या फोटोत ती येतच नाही, बाजूने काढा.

फूल किंवा पान खरं किती मोठं होतं ते शीटवर कसं दाखवायचं?

फोटो काढताना पुठ्ठ्यावर शाळेची पट्टी चिकटवा, पानाच्या अगदी शेजारी, पानाइतक्याच अंतरावर. पट्टी मागे आणि पान पुढे असं असेल तर पान खोटं मोठं दिसतं.

एक खरं माप सांगतो. जास्वंदीच्या एका पानाचा फोटो, GIMP मध्ये `Measure` टूलने (Shift+M) पट्टीवरचे 5 सेंटीमीटर मोजले, 640 पिक्सेल आले. म्हणजे एका सेंटीमीटरला 128. पानाचं पातं, देठ सोडून, 1050 पिक्सेल लांब. 1050 भागिले 128, साधारण 8.2 सेंटीमीटर. पट्टीचं काम इथे संपलं, तिला कापून टाका, पण आकडा शीटवर लिहा.

तेच पान खऱ्या आकारात छापायचं असेल तर `Image → Print Size` मध्ये रिझोल्यूशन 325 टाका, कारण 128 गुणिले 2.54 म्हणजे 325. छापल्यावर पट्टी लावून बघा, 8.2 आलं पाहिजे. नाही आलं तर प्रिंटच्या खिडकीत "पानावर बसवा" असा काही पर्याय चालू राहिलेला असतो, तो बंद करा. शीटवर जागा नसेल तर अर्ध्या आकारात छापा आणि बाजूला लिहा "खऱ्या आकाराच्या निम्मं".

हे सपाट पानाला चालतं. फुलाचं माप असं घेऊ नका, पाकळ्या वाकलेल्या असतात, दांडा पुढे आलेला असतो. फुलाला खरोखरची पट्टी लावून मोजा आणि लिहा.

माती पूर्ण निघाली की नाही हे कसं कळणार? स्क्रीनवर तर स्वच्छ दिसतं.

पांढऱ्यावर सगळं स्वच्छ दिसतं. पानाच्या लेयरखाली एक नवीन लेयर टाका आणि तो भडक जांभळ्या रंगाने भरा. कडेला राहिलेली तपकिरी रेघ, कुंडीच्या काठाचा तुकडा, कोपऱ्यात तरंगणारे मातीचे ठिपके, सगळं उघडं पडतं. मग काळ्या रंगात भरून बघा, आता पुठ्ठ्याची पांढरी किनार दिसेल. दोन्ही पुसून घ्या आणि ते रंगाचे लेयर डिलीट करा. मी हे विसरलो होतो एकदा, चाळीस प्रिंट जांभळ्या.

पांढरं फूल पांढऱ्या शीटवर दिसतच नाही.

खाली फिकट राखाडी किंवा फिकट निळ्या कागदाचा चौकोन लावा. काळी आउटलाईन देऊ नका, ती पाकळीची कड वाटते.

कुंडी काढल्यावर फूल हवेत लटकल्यासारखं दिसतं, खाली सावली टाकू का?

नको. शीटवरचं फूल लटकलेलंच असतं.

तुम्ही दिलेली फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली तर मागे काळं आलं!

फोटो म्हणून पाठवली असणार. व्हॉट्सॲप फोटोचा जेपीजी करतं आणि जेपीजीत पारदर्शक जागा राहत नाही, तिथे काळा नाहीतर पांढरा रंग भरतो, वर फोटो दाबून छोटा पण करतं. GIMP मधून `File → Export As` करून नावाच्या शेवटी .png लिहा आणि व्हॉट्सॲपवर क्लिपचं चिन्ह दाबून "डॉक्युमेंट" मधून पाठवा. आणि दुकानात येताना मूळ फोटो पण तसाच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्टेटसवरून काढलेला स्क्रीनशॉट नको, त्यात पानाचे दाते आधीच गेलेले असतात.

उद्याच सबमिशन आहे, आता रात्रीचे नऊ वाजलेत.

या, पण फुलाचा फोटो सकाळीच काढलेला असला तर. आत्ता फूल मिटलेलं असणार. पानाचं जमेल, घरातल्या ट्यूबलाईटखाली पांढऱ्या कागदावर ठेवून काढा, आणि देठ फांदीपासून तोडा, मधून नको.